इंटरव्ह्यूची सुट्टी, साहेबाला किती सांगायचं

अरे भाऊ, वाळूजहून पुण्याला इंटरव्ह्यूला जायलास ना, मग दोन दिवस आधी "गुरुवारी पर्सनल काम आहे, सीएल पाहिजे" एवढंच टाक अन् गप बस. आजारी कशाला सांगायलास, सर्टिफिकेट मागितलं तर अडकशील. मी एकदा जालन्याच्या मावशीला ॲडमिट केलं होतं (मावशी ठणठणीत), साहेब आठवडाभर विचारायलेत मावशी कशीये अन् मी रोज नवीन रिपोर्ट सांगायलोय. "कुठं गेलता" विचारलंच तर "घरचं होतं, झालं", बास. तिकडच्या एचआरला मात्र स्पष्ट सांग, ऑफर हातात येईपर्यंत आत्ताच्या ऑफिसात फोन करू नका. अन् दुसरा राउंड व्हिडिओ कॉलवर नाहीतर सुट्टीच्या दिवशी माग, दर गुरुवारी पर्सनल काम निघालं की कोणालाबी कळतंय.