दोन भाषांतलं एक प्रोफाइल

प्रिय मित्रा,

तुझं LinkedIn प्रोफाइल काल निवांत बसून वाचलं. पुण्यात आणि जर्मनीत एकदमच नोकरी शोधायची म्हणून तू इंग्रजी मजकुरातच मध्ये मध्ये जर्मन वाक्यं घातली आहेस. ती आधी काढ.

LinkedIn वर `Profile language` मध्ये जाऊन त्याच प्रोफाइलला दुसरी भाषा जोडता येते. ज्याची स्क्रीन जर्मनमध्ये असेल त्याला जर्मन रूप दिसतं, बाकीच्यांना मूळ इंग्रजी. मूळ भाषा नंतर बदलता येत नाही, म्हणून ती इंग्रजीच असू दे. जर्मन मजकूर मात्र तुलाच लिहावा लागेल आणि नोकरी बदललीस की दोन्हीकडे दुरुस्ती करावी लागेल. एकीकडे २०२१ आणि दुसरीकडे २०२२ दिसलं, तर समोरच्याला खोटेपणाचा वास येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दहावीनंतरच्या तुझ्या तीन वर्षांच्या पॉलिटेक्निक डिप्लोमाला तू जर्मनमध्ये `Diplom` लिहिलं आहेस. शब्द सारखा दिसतो, पण तिथे तो विद्यापीठाच्या पदवीचा दर्जा सांगतो. हीच चूक मी केली होती. मुलाखत घेणाऱ्या जर्मन बाईंनी शांतपणे विचारलं, "हे कुठल्या विद्यापीठाचं?" मी खुलासा केला, पण त्यानंतर माझ्या इतर ओळींवरही त्यांचा विश्वास बसेना. म्हणून पदवीचं नाव भाषांतरित करायचं नाही. प्रमाणपत्रावर आहे तसं `Diploma in Mechanical Engineering` लिही आणि खाली एका ओळीत सांग: दहावीनंतर, तीन वर्षं, पॉलिटेक्निक. बी.ई.चंही तसंच. `Dipl.-Ing.` तर चुकूनही लावू नकोस, ती तिथली कायद्याने जपलेली पदवी आहे.

भाषेच्या रकान्यात तू 'जर्मन: फ्लुएंट' लिहिलं आहेस. तू मॅक्सम्युलर भवनातून बी१ झालास ना? मग `Deutsch: B1` आणि परीक्षेचं वर्ष, एवढंच लिही. ती पातळी तिकडे सगळ्यांना कळते, आणि फ्लुएंट वाचून फोनवर भरभर जर्मन सुरू झालं तर तू अडकशील. मराठीपुढे `Muttersprache`, म्हणजे मातृभाषा, असं लिही. मराठी गाळली होतीस, ते मला खटकलं. चाकणच्या कारखान्यात लाइनवरच्या माणसांशी तू मराठीतच बोलतोस. इथल्या प्लांटच्या नोकरीसाठी ती जमेची बाजू आहे.

नोटीस पिरियड आणि सीटीसी फक्त इथल्या रेझ्युमेत ठेव. जर्मन जाहिरातीत अपेक्षित पगार विचारला असेल, तर तो अर्जासोबतच्या पत्रात, वर्षाचा, कर कापण्याआधीचा लिहायचा.

नावही तपास. पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये आहे आणि प्रोफाइलवर नाही. इथे कुणी विचारत नाही, पण व्हिसाच्या वेळी पासपोर्ट, प्रमाणपत्रं आणि रेझ्युमे शेजारी शेजारी ठेवले जातात. दोन्ही भाषांत पासपोर्टचंच स्पेलिंग ठेव.

जर्मन मसुदा रविवारपर्यंत पाठव, मी वाचून देतो.

तुझा,
दादा