करारावरचं तिसरं वाक्य

“मुलाला पदवी करायची नाही, वायरिंगच्या कामात रमतो. एजंट म्हणतो, बी१ पातळीचं जर्मन झालं की जर्मनीत ट्रेनिंग पक्कं आणि पगारही. करार आलाय. सही करू द्यावी का?”

त्या आईने करार समोर ठेवला तेव्हा मी रकमेआधी व्यवसायाचं नाव शोधलं. तिसऱ्याच वाक्यात लिहिलं होतं, ‘फाखक्राफ्ट फ्युअर गास्ट्रोनोमी’. म्हणजे हॉटेल-रेस्टॉरंटचं दोन वर्षांचं प्रशिक्षण. मुलाला हवं होतं ते इमारतींच्या वायरिंगचं ‘एलेक्ट्रोनिकर’, साडेतीन वर्षांचं. घरात कुणालाच जर्मन वाचता येत नव्हतं, म्हणून हे सहीपर्यंत आलं. हॉटेलचं काम वाईट नाही, पण ते या मुलाचं नव्हतं. व्हिसाही त्या करारावरच मिळतो.

जर्मनीतल्या या ‘आउसबिल्डुंग’मध्ये मुलगा कंपनीत काम शिकतो आणि व्यवसाय शाळेतही जातो. करार थेट कंपनीशी होतो आणि त्याची नोंद त्या व्यवसायाच्या चेंबरकडे, म्हणजे तिथल्या अधिकृत व्यवसाय-संस्थेकडे होते. नोंद झाली का, हे कंपनीला विचारावं. शिकवण्याबद्दल कंपनीने मुलाकडून पैसे घेणं तिथल्या कायद्यात बसत नाही. एजंटची फी ही वेगळी गोष्ट, ती कशासाठी हे लेखी मागा. विद्यावेतन कंपनीने द्यायचं असतं. २०२५ मध्ये सुरू झालेल्या करारांत पहिल्या वर्षी सर्वसाधारण किमान रक्कम महिना ६८२ युरो होती. त्यातून विम्याचे हप्ते कापले जातात. घरभाडं आणि जेवण त्यात भागेलच असं नाही, आणि व्हिसा देताना ते पाहिलं जातं.

मग मी मुलापुढे विजेच्या कामाचे पाच सुरक्षा नियम जर्मनमध्ये ठेवले. पहिलाच शब्द ‘फ्राइशाल्टन’. तो अडला. मी अर्थ सांगितल्यावर म्हणाला, “म्हणजे आधी मेन बंद करायचा. मग कुणी परत चालू करू नये म्हणून कुलूप, आणि टेस्टरने बघायचं.” पुढचे दोन नियम त्याने न वाचताच बरोबर सांगितले! काम हातात होतं, भाषा नव्हती. बी१ व्हिसापुरतं चालतं. वर्गात शिक्षक आणि साइटवर कारागीर भरभर बोलतात, परीक्षाही जर्मनमध्येच.

सुरुवातीचा प्रोबेशनचा काळ एक ते चार महिन्यांचा असतो. त्यात कंपनी कारण न देता करार मोडू शकते. मुलाचा दोष नसेल तर दुसरी जागा शोधायला त्याला सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळते, पण भाषा कच्ची असताना ते महिने फार जड जातात.

त्यांनी सही केली नाही. मुलगा आता पुढची पातळी, बी२ करतोय आणि वायरिंगच्या कंपन्यांना स्वतः अर्ज लिहितोय. बहुतेक जागा ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतात, म्हणून अर्ज साधारण वर्षभर आधीच सुरू केलेत. पहिल्या अर्जात त्याने त्या पाच नियमांबद्दल दोन ओळी लिहिल्या आहेत, स्वतःच्या जर्मनमध्ये.