सराफ्यात काय खावं आणि काय नको, हे कसं ठरवायचं?

प्रश्न: पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच इंदूरला चाललोय, सोबत आई-बाबा आहेत, दोघंही साठीच्या पुढचे. तिथल्या सराफा बाजारात रात्री लागणाऱ्या गाड्यांवर खायचं तर आहेच, पण पोट बिघडायची भीती वाटते. अनोळखी शहरात कुठली गाडी आणि कुठला पदार्थ बरा, हे बघून कसं ओळखायचं?

उत्तर:

मी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि इंदूरला सासुरवाडी आहे, त्यामुळे सराफा दोन्ही बाजूंनी पाहिलाय. बहुतेक लोक आधी गाडी निवडतात आणि मग तिथे काय मिळतं ते बघतात. तुम्ही आधी पदार्थ निवडा. प्रत्येक पदार्थाला एकच प्रश्न विचारायचा: हा विस्तवावरून उतरल्यापासून माझ्या हातात येईपर्यंत मध्ये किती वेळ गेला आणि त्याला काय काय लागलं?

जंतू साधारण ५ ते ६० अंशांच्या मध्ये वाढतात. कोमट पदार्थात त्यातले काही वीस मिनिटांत दुप्पट होतात. ६० अंश म्हणजे बोट लावलं तर चटका बसतो इतकं गरम. त्यामुळे 'गरम आहे' आणि 'कोमट आहे' हा फरक चवीपुरता नाही.

आता सराफ्यातलाच गराडू घ्या. हा कंद थंडीत मिळतो. फोडी आधी एकदा तळून परातीत रचलेल्या असतात आणि तुम्ही मागितल्यावर पुन्हा कढईत पडतात. वर जिरावन, म्हणजे कोरडा मसाला, आणि लिंबू. पाणी नाही, चटणी नाही, हात लागला तरी नुसता मसाला भुरभुरण्यापुरता. माझ्या मते तिथला सगळ्यात निर्धास्त पदार्थ हाच. फक्त एक बघा: गर्दीच्या वेळी विक्रेता दुसऱ्यांदा फोडी कढईत नुसत्या बुडवून काढतो. बाहेरून कुरकुरीत, आत थंड. पहिली फोड मोडून बघायची. आतून वाफ आली तर ठीक, नाहीतर "भिया, थोड़ा और गरम कर दो" म्हणायचं. इंदूरमध्ये कुणी रागवत नाही.

खोपरा पॅटिसला हीच परीक्षा जास्त कडक लावा, कारण ते जाड असतं. बटाट्याच्या आवरणात ओल्या नारळाचं सारण असतं आणि तळून तासभर ठेवलेल्या पॅटिसचं सारण जंतूंना आवडेल तेवढंच कोमट राहतं. घाणा निघताना तिथे असाल तर जरूर घ्या, थाळीत रचून ठेवलेलं सोडून द्या.

भुट्टे का कीस म्हणजे किसलेला मका, दूध आणि मसाले. दूध असल्यामुळे घाबरायचं कारण नाही, तो मोठ्या कढईत मंद आचेवर सतत शिजत असेल तर चांगलाच आहे. कढईच्या कडेची साय सुकून तडकली असेल आणि मधून वाफ निघत नसेल, तर खालचा विस्तव कधीच विझलाय असं समजा. तिथली साबुदाण्याची खिचडी आपल्यासारखी परतलेली नसते, गरम पाण्याच्या भांड्यावर वाफेत ठेवलेली असते. सकाळचे पोहेही तसेच. खालचं पाणी उकळतंय तोवर दोन्ही बिनघोर. वरचा कच्चा कांदा मी आई-बाबांच्या प्लेटमध्ये घालू देणार नाही, शेव आणि जिरावन भरपूर मागून घेईन.

आता दुसरी बाजू. दहीवडा आणि पाणीपुरी या दोन्हींत शेवटी आग नाहीच. वडा तळलेला असतो, पण नंतर पाण्यात भिजतो, हातानं पिळला जातो आणि वर दही पडतं. दही आंबट असतं म्हणून ते बऱ्यापैकी तग धरतं, खरी शंका त्या भिजवण्याच्या पाण्याची आणि पिळणाऱ्या हाताची. दही बर्फात किंवा फ्रिजमध्ये गार ठेवलेलं दिसलं आणि तोच हात पैसे घेत नसेल, तर तुम्ही खा. पाणीपुरीच्या पाण्यात चिंच-लिंबू असतं, त्यामुळे जंतू मरतात असं पुष्कळ जण ठामपणे सांगतात. वाढ मंदावते, पण पाणी मुळात दूषित असेल तर आंबटपणा ते शुद्ध करत नाही. सोबत पुदिना-कोथिंबीरही कच्चीच वाटलेली. उकळून केलेली चिंच-गुळाची चटणी त्या मानानं पुष्कळ बरी. आई-बाबांसाठी मी पाणीपुरी सरळ वगळेन.

बर्फाचं एक लक्षात ठेवा. खाण्याच्या नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा, असा नियम २०१८ मध्ये आला. पण बर्फ निळा नाही म्हणजे तो पिण्याच्या पाण्याचाच आहे, असं होत नाही. पोत्यात गुंडाळून रस्त्यावर टेकवलेली लादी दिसली की त्या गाडीवरचं सरबत, फालुदा विसरा. इंदुरी शिकंजी दुधाची आणि दाट असते, तिलाही हाच न्याय.

'गर्दी असेल तिथे खा' हा सल्ला अर्धाच खरा आहे. गर्दीमुळे माल भराभर संपतो, ताजा घाणा मिळतो, हा फायदा. पण त्याच गर्दीत प्लेटा एकाच बादलीत बुचकळून पुसल्या जातात. ऑर्डर देण्याआधी पाच मिनिटं बाजूला उभे राहा आणि फक्त दोन गोष्टी बघा: प्लेट कुठे धुतात आणि पैसे कोण घेतं. बादलीचं पाणी गढूळ दिसलं तर द्रोणात किंवा कागदी प्लेटमध्ये मागा. वर्तमानपत्राच्या कागदावर मात्र नको, त्याची शाई तेलात उतरते. गल्ल्यावर वेगळा माणूस असलेली गाडी मी नेहमी पसंत करतो. हातमोज्यांना मी फारसा भाव देत नाही, कारण तोच मोजा नोटाही मोजतो आणि पुरीही फोडतो.

तेल काळं दिसलं की लोक धसका घेतात. पुन्हापुन्हा तापवलेलं तेल वाईटच, घशाला खवखव आणि पोटाला जडपणा येतो, पण त्याच रात्री जुलाब लावणारा गुन्हेगार सहसा ते नसतं. तो चटणीत, पाण्यात किंवा कोमट सारणात असतो.

वेळेचंही गणित आहे. सराफ्यात दिवसा दागिन्यांची दुकानं असतात, ती बंद झाल्यावर रात्री खाण्याच्या गाड्या लागतात. आई-बाबांना घेऊन लवकर जा, सगळं ताजं असताना. मध्यरात्रीनंतर रबडीसारखे दुधाचे पदार्थ कढईतून उतरून कितीतरी वेळ झालेला असतो. त्यातला एक धोका असा की हातावरच्या जंतूंनी दुधाच्या पदार्थात एकदा विष तयार केलं, की पुन्हा गरम करूनही ते जात नाही. अशा वेळी उलट्या एक ते सहा तासांतच सुरू होतात. उलट, जुलाब दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लागले तर शेवटच्या जेवणाला दोष देऊन उपयोग नाही, कारण आधीचं काहीतरी असू शकतं.

ओआरएसची चार पाकिटं इथूनच घेऊन जा. ताप आला, शौचातून रक्त गेलं किंवा बाबांना पाणीही पोटात ठरेना, तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जुलाब थांबवणारी गोळी स्वतःहून तर मुळीच देऊ नका.