पान क्रमांक लिही

चि. मित्रास अनेक आशीर्वाद.

महाविद्यालयाच्या समितीला द्यायच्या अपील अर्जाचा तुझा मसुदा वाचला. भाट्ये खाडीतल्या कालवांवर तू एवढी मेहनत घेतलीस, आणि त्याच लघुप्रबंधावर वाङ्मयचौर्याचा ठपका आला, याचे मला वाईट वाटते. पण 'काही ठिकाणी अनवधानाने संदर्भ द्यायचे राहून गेले असावेत' हे वाक्य आधी खोडून टाक. काही म्हणजे कोणत्या? समितीपुढे समानता अहवाल आहे, त्यात इतरांच्या लेखनाशी जुळणारी प्रत्येक ओळ रंगवलेली आहे. तुझी कबुली त्या अहवालाहून मोघम असेल, तर ती कबुलीच नव्हे.

म्हणून पहिल्याच परिच्छेदात पान क्रमांक लिही. 'प्रकरण 1 मधील पृष्ठ 4 ते 9 आणि प्रकरण 2 मधील पृष्ठ 14 ते 17 यांवरील मजकूर मी तीन प्रकाशित लेखांतून जवळजवळ जसाच्या तसा घेतला, अवतरणचिन्हे दिली नाहीत, आणि त्यांपैकी दोन लेख संदर्भसूचीतही नाहीत.' इतके स्वच्छ लिही. निष्कर्षातला जो परिच्छेद तू एका मराठी लेखावरून इंग्रजीत उतरवलास आणि जो संगणकाला सापडला नाही, असे तू फोनवर म्हणालास, त्याचेही पान लिही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार निरीक्षणे आणि निष्कर्ष पूर्णपणे स्वतःचे असावे लागतात, त्यामुळे तो एक परिच्छेद पहिल्या दहा पानांपेक्षा गंभीर आहे. तो लपवून बाकीचे कबूल करशील, तर बाकीच्या कबुलीला काय किंमत राहील?

त्यानंतरच टक्केवारीकडे वळ. समितीने 43 टक्के समानता धरून तुला वर्षभर सुधारित लघुप्रबंध सादर करण्यास मनाई केली आहे, कारण 40 च्या वर आणि 60 पर्यंत तीच शिक्षा आहे. मात्र त्या अहवालात तुझी संदर्भसूचीही मोजली गेली आहे, आणि त्याच विनियमांनुसार ती वगळायची असते. तुझ्या मार्गदर्शकांनी ती वगळून काढलेला आकडा 36 आहे. 10 च्या वर आणि 40 पर्यंत असेल, तर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत मागवली जाते. हा मुद्दा खरा आहे, तो ठामपणे मांड, दोन्ही अहवाल जोड. पण त्याने अपराध लहान होतो असे एका शब्दानेही सुचवू नकोस. मोजणी चुकली एवढेच म्हण.

मी अशा समित्यांवर बसलो आहे. आईचे आजारपण, घरची ओढगस्त, मार्गदर्शकांनी वेळ दिला नाही, अशी पत्रे आमच्यापुढे येत. एका मुलीचे खाडीकाठचे काम खरोखर चांगले होते, पण तिच्या पत्रात काय उचलले आणि काय स्वतःचे आहे याचा पत्ताच नव्हता. मी तिच्याविरुद्ध सही केली. ती सही मला आजही सलते, आणि तरीही ते पत्र पुन्हा समोर आले तर मी तीच सही करीन, कारण धरायला एकही पान नसेल तर समितीने कशाच्या आधारावर सवलत द्यावी? म्हणूनच तुझ्यामागे पान क्रमांकांचा घोशा लावला आहे.

उपायाबाबत 'समिती देईल ती शिक्षा मान्य' असे लिहिणे नम्र दिसते, पण त्याने सगळा भार समितीवर पडतो. तू स्वतः प्रस्ताव ठेव. प्रकरण 1 व 2 आणि निष्कर्षातला तो परिच्छेद नव्याने लिहीन; परवानगी मिळाल्यापासून तीन महिन्यांत नवा अहवाल जोडून प्रत देईन; खाडीवरची नोंदवही, क्षारतेच्या मूळ नोंदी आणि जपून ठेवलेले नमुने बाहेरच्या परीक्षकांना दाखवून तोंडी परीक्षा देईन; साहित्य परीक्षणाचे गुण शून्य धरावेत. झाल्या प्रकाराची नोंद पुसावी, अशी मागणी करू नकोस. पाळता येईल तेवढीच मुदत माग. जून-जुलैच्या बंदीत वडिलांची होडी किनाऱ्यावर असते, तेव्हा तुला लिहायला दिवस मिळतील. ऑगस्टात जाळी निघाली की मिळणार नाहीत, हे तुलाच ठाऊक आहे. परवानगी उशिरा मिळण्याची चिन्हे दिसली, तर तीनऐवजी पाच महिने माग, पण सहाच्या पुढे जाऊ नकोस.

मार्गदर्शकांचा उल्लेख फक्त दुसऱ्या अहवालापुरता येऊ दे. त्यांनी प्रमाणपत्रावर सही केली होती हे समितीला दिसतेच.

उद्या रात्रीपर्यंत सुधारलेला मसुदा पाठव, आणि उचललेल्या मजकुराची पाने मूळ लेखांशेजारी ठेवून तक्ता कर, तोच जोडपत्र म्हणून लाव. अर्ज कार्यालयात देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तेथून निघू नकोस.

तुझा,
सर