रिव्ह्यूत राहिलेलं काम आधी सांग

उद्या तुझा पहिला स्प्रिंट रिव्ह्यू, आणि रिफंडची स्टोरी राहिली आहे. दोन मिनिटं बोललास तरी पुरे, फक्त राहिलेलं डेमोच्या आधी सांग. शेवटी सांगितलंस तर लपवत होतास असं वाटतं.

"90 टक्के झालंय" म्हणू नकोस. डेफिनिशन ऑफ डनमध्ये बसत नसेल, तर ते झालेलं नाही. 2020 च्या स्क्रम गाइडप्रमाणे असं काम रिव्ह्यूत दाखवायचंही नसतं. मी साधारण असं बोलेन:

"आठपैकी सात स्टोऱ्या पूर्ण झाल्या. रिफंड राहिलं. कोड लिहून झालाय, पण अर्धवट रिफंडची चाचणी झालेली नाही. बँकेच्या टेस्ट सर्व्हरचा अ‍ॅक्सेस आम्ही सातव्या दिवशी मागितला, तो पहिल्याच दिवशी मागायला हवा होता. स्टोरी बॅकलॉगमध्ये परत गेली आहे, पुढे कधी घ्यायची ते आज बोलू."

यात 'आम्ही' महत्त्वाचं. अ‍ॅक्सेस कोणी मागायचा होता हे रेट्रोत बोला, क्लायंटसमोर नाही.

आभार मात्र नाव घेऊन आणि कामासकट मान. ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जात होते, ते आपल्या टेस्टरने चौथ्या दिवशीच पकडलं, हे सांग. "सगळ्यांनी खूप मेहनत घेतली, पण..." असं जोडलंस की लोकांना फक्त 'पण' ऐकू येतो. आणि रात्री जागल्याबद्दल आभार नकोत. क्लायंट तेच वेळापत्रक गृहीत धरतो. (मी ही चूक केली आहे.)