कृपण, काटकसरी आणि त्यांचे उलटे शब्द

प्रश्न: शब्दसंग्रहाच्या चाचणीत समानार्थी-विरुद्धार्थी विचारतात तेव्हा चारपैकी दोन पर्याय मला बरोबरच वाटतात. एक साधा बोलण्यातला, दुसरा पुस्तकी, नाहीतर अर्थ अगदी थोडा वेगळा. नेमका कुठला निवडायचा?

उत्तर:

आधी छटा बघायची, पुस्तकीपणा नंतर. दोन पर्यायांची छटा एकसारखी निघाली, तरच शब्द भारदस्त आहे की बोलीतला हे विचारात घ्यायचं. बहुतेकांचं उत्तर चुकतं ते हा क्रम उलटा झाल्यामुळे.

एक प्रश्न घेऊ. 'कृपण' या शब्दाला समानार्थी शब्द कोणता? पर्याय: मितव्ययी, चिक्कू, काटकसरी, निर्धन.

'कृपण' संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणजे तत्सम शब्द. त्याच्या शेजारी शोभेल असा 'मितव्ययी' समोर दिसतो, तोही संस्कृत वळणाचा, तोही पैसे कमी खर्च करण्याबद्दलचा. हात आपोआप तिकडे जातो. 'चिक्कू' तर अगदी घरगुती, चिडवायचा शब्द. पण उत्तर 'चिक्कू'च आहे. कारण 'कृपण' हा दोष सांगणारा शब्द आहे. जिथे द्यायला हवं तिथेही ज्याचा हात आखडतो, तो कृपण. 'मितव्ययी' आणि 'काटकसरी' हे गुण सांगणारे शब्द आहेत, बेतानं खर्च करणारा एवढंच ते सांगतात. हे दोघं आपसात समानार्थी आहेत, कृपणाचे नाहीत. 'निर्धन' तर स्वभाव सांगतच नाही, परिस्थिती सांगतो.

छटा ओळखायला एक सोपी कसोटी आहे. शब्द कौतुकाच्या वाक्यात घालून बघा. 'सून मोठी काटकसरी आहे हो' हे कौतुक म्हणून चालतं. 'सून मोठी कृपण आहे हो' म्हटलं की ते कौतुक उरत नाही. ज्या दोन शब्दांपैकी एक कौतुकात बसतो आणि दुसरा बसत नाही, ते समानार्थी म्हणून निवडू नयेत, भले शब्दकोशात ते शेजारी शेजारी छापलेले असोत. हुशार, चतुर, चलाख, धूर्त ही रांग अशीच लावून बघा. कौतुक कुठल्या शब्दापाशी आंबट व्हायला लागतं ते ऐकू येतं.

विरुद्धार्थी शब्दांत हीच गोष्ट जास्त फसवते. 'काटकसरी'च्या उलट काय? पर्यायांत 'उदार' आणि 'उधळ्या' दोन्ही असले की अनेक जण 'उदार' निवडतात. इथे शब्दांमध्ये 'आणि' घालून बघायचं. 'तो काटकसरी आहे आणि उदारही आहे.' या वाक्यात काही खटकत नाही. स्वतःवर बेतानं खर्च करणारा माणूस दुसऱ्याला सढळ हातानं देऊ शकतो. आता 'तो काटकसरी आहे आणि उधळ्याही आहे' म्हणा. वाक्य स्वतःशीच भांडतं. म्हणून काटकसरी × उधळ्या. तसंच 'कृपण आणि उदारही' हे जुळत नाही, म्हणून कृपण × उदार. एक जोडी खर्च करण्याबद्दलची, दुसरी देण्याबद्दलची. मूळ शब्द नेमका कशाबद्दल बोलतोय हे सापडलं की त्याचा उलटा शब्द आपोआप हाती येतो.

ही 'आणि'ची कसोटी एका ठिकाणी कमी पडते. 'थंड' शब्दाला कोमट, गरम आणि कढत असे पर्याय दिले, तर तिन्ही वाक्यं भांडतात, कारण एकच पाणी एकाच वेळी थंड आणि कोमट असू शकत नाही. अशा चढत्या-उतरत्या शब्दांत दोन्ही बाजूंचं अंतर सारखं लागतं. कोमट मधेच थांबतं, कढत पुढे निघून जातं (त्याच्यासमोर 'थंडगार' शोभेल), म्हणून 'थंड'च्या समोर 'गरम'.

आता पुस्तकीपणाकडे येऊ. समजा 'लाभ'च्या विरुद्ध तोटा आणि हानी हे दोन्ही पर्याय आहेत. छटेत त्यांच्यात निवड करण्याइतका फरक नाही, दोन्ही नुकसानच सांगतात. इथे मात्र जोडी बघायची. मराठीत विरुद्धार्थी शब्द बऱ्याचदा जोडीनंच वावरतात, आणि जोडीतले शब्द बहुधा एका पातळीवरचे असतात: लाभ-हानी, उदय-अस्त, आरंभ-अंत एकीकडे, तर उगवणे-मावळणे, सुरुवात-शेवट दुसरीकडे. शरीराबद्दल बोलताना कृश × स्थूल, पण जाडा × रोड. म्हणून 'लाभ'ला 'हानी'. 'नफा' विचारला असता तर 'तोटा'.

पण ही पातळी म्हणजे शब्दाचं कूळ, असं समजू नका. 'नफा' अरबीतून आलेला आणि 'तोटा' तसा नाही, तरी ती जोडी पक्की आहे, कारण व्यवहारात ते दोन शब्द कायम एकत्र उच्चारले जातात. 'जमा' शब्दाचं तर याहून वेगळं. रोजच्या बोलण्यात जमा × खर्च, आणि हिशेबाच्या वहीत जमा × नावे. पर्यायांत दोन्ही आले, तर प्रश्नात दिलेलं वाक्य वाचल्याशिवाय उत्तर ठरत नाही.

वाक्य दिलेलं असेल तर त्याचा पूर्ण उपयोग करा. 'स्थूल' एकटा असेल तर कृश आणि सूक्ष्म दोन्ही बरोबर ठरतात, पण 'स्थूल मानाने' असं असेल तर अंगकाठीचा तिथे संबंधच नाही, 'सूक्ष्म'च हवा. समानार्थी शब्द वाक्यात घालतानाही तसंच. 'जल' आणि 'पाणी' समानार्थी खरेच, पण डोळ्यांत पाणी येतं, जल येत नाही. 'निधन' आणि 'मृत्यू' एकाच घटनेचे शब्द, पण 'निधन'मध्ये आदर आहे, त्यामुळे बैलाचा मृत्यू होतो, निधन नाही.

एका सापळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं. 'राग'ला समानार्थी म्हणून पर्यायांत 'अनुराग' ठेवलेला असतो. दिसायला सख्खा, भारदस्तही. पण संस्कृतात 'राग' म्हणजे आसक्तीसुद्धा, आणि 'अनुराग' त्याच अर्थातून आलेला, म्हणजे प्रेम. मराठीतला आपला राग म्हणजे क्रोध. उलट, 'राग'चा विरुद्धार्थी म्हणून 'लोभ' दिसला तर बिचकू नका. तिथे लोभ म्हणजे हाव नव्हे, 'लोभ असावा' म्हणतो त्यातली माया आहे. 'रागलोभ' हा जोडशब्द त्या दोन्ही अर्थांवरच उभा आहे.

एवढं करूनही दोन पर्याय तंतोतंत बरोबर उरले, तर शब्दाची जात तपासा. 'काटकसर' विचारलं असेल तर 'उधळपट्टी' हवं, 'उधळ्या' नाही, कारण एक नाम आहे आणि दुसरं विशेषण. तीही सारखीच निघाली, वाक्यही दिलेलं नसलं, तर दोष प्रश्नाचा आहे. तिथे जोडीनं जास्त वापरला जाणारा शब्द निवडावा आणि उत्तरपत्रिकेत वेगळं काही आलं तर आक्षेप घ्यावा. आक्षेपासोबत दोन्ही पर्याय बसतील असं एक वाक्य लिहून द्या. नुसतं 'दोन्ही बरोबर आहेत' असं लिहिलं तर तपासणाऱ्याला त्यात तपासण्यासारखं काहीच मिळत नाही.