गर्डर ओतल्यावर तारा का ओढतात?

प्रश्न: आमच्या गावाजवळ हायवेच्या कडेला पुलाचे गर्डर बनवतायत. ओतल्यानंतर काही दिवसांनी टोकातून बाहेर आलेल्या तारा जॅकने ओढतात. आत सळया असताना तारा कशाला? आणि ओढल्यावर गर्डर मधे उचलल्यासारखा का दिसतो?

उत्तर:

भाऊ, दिसतो म्हणजे तो खरंच उचललेला असतो. जळगाव-धुळे पट्ट्यात हायवेच्या पुलांवर काम करतो, त्यामुळे हे रोजचं बघणं आहे.

आधी सळयांचं बघू. काँक्रीट दाब भरपूर सोसतं, पण ताण जेमतेम दाबाच्या दहाव्या हिश्शाइतका. वजन आलं की गर्डरची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते, म्हणून खाली सळया. पण सळई मनापासून काम करू लागेपर्यंत ती जेवढी लांबते, त्याच्या कितीतरी आधी भोवतालचं काँक्रीट तडकलेलं असतं. नेहमीच्या आरसीसी बीममध्ये खालच्या भागाला केसासारख्या बारीक भेगा असतातच, त्या हिशोबात धरलेल्या असतात. म्हणजे खालचं काँक्रीट सळई झाकून ठेवतं, भार मात्र पेलत नाही. घराच्या चार-पाच मीटरच्या बीमला हे चालून जातं. ३० मीटरला त्या बिनकामाच्या काँक्रीटचंच वजन डोईजड होतं. ते पेलायला बीम मोठा करा, की वजन आणखी वाढलं.

यावर उपाय असा की जिथे पुढे ताण येणार, तिथे आधीच दाब देऊन ठेवायचा, यालाच प्रीस्ट्रेसिंग म्हणतात. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात आणि थंड होताना ती लाकडाचे तुकडे आवळून धरते, तसंच. मग वरून गाडी गेली तरी गर्डरच्या खालच्या बाजूला फक्त आधीचा दाब कमी होतो, ताण येतच नाही. पूर्ण काँक्रीट कामाला लागतं.

आता वर उचलण्याचं. तारा सरळ टाकलेल्या नसतात. ओतण्याआधी आत पन्हळीचा पाईप बसवतात, त्याला साईटवर शीथिंग म्हणतात. तो टोकाला वर आणि मधोमध खाली, झोळीसारखा जातो. त्यातली केबल ताणली की ती सरळ व्हायला बघते आणि झोळीच्या पोटातलं काँक्रीट वर ढकलते.

आकड्यात बघा. ३० मीटरचा गर्डर, स्वतःचं वजन मीटरला दीड टन धरू. एका केबलमध्ये १२ स्ट्रँड, प्रत्येक स्ट्रँड १२.७ मिमी जाड, सात तारा पिळून केलेला. एक स्ट्रँड साधारण १४ टनांनी ओढतात. घर्षण वगैरे वजा जाता एका केबलमागे दीडशे टन उरतात असं समजू. गर्डरमध्ये एकूण चार केबल, त्यातल्या पहिल्या टप्प्यात दोन, म्हणजे ३०० टन. मधली झोळी ७५ सेंमी. वर ढकलणारा जोर = ८ × ३०० × ०.७५ ÷ (३० × ३०), म्हणजे मीटरला २ टन. वजन दीड टन, ढकलणं दोन टन. गर्डर खालच्या शटरिंगवरून मधे सुटतो आणि फक्त दोन टोकांवर टेकून राहतो. म्हणूनच कास्टिंग बेडची टोकं जास्त मजबूत करावी लागतात, कारण सगळं वजन तिथे येतं.

चारही केबल त्याच दिवशी का ओढत नाहीत? काँक्रीट अजून कोवळं असतं, खालच्या बाजूला एवढा दाब झेपत नाही. आधी त्याच काँक्रीटचे ठोकळे, म्हणजे क्यूब, फोडून ताकद बघतात, मगच जॅक लावतात. उरलेल्या केबल काँक्रीट पक्कं झाल्यावर ओढतात. शेवटी सगळे ऱ्हास धरून चार केबलमध्ये साधारण ५४० टन राहिले, तर वरचा जोर मीटरला ३.६ टन. गर्डर, स्लॅब आणि रस्त्याचा थर मिळून वजनही जवळपास तेवढंच. म्हणजे रिकामा पूल केबलवर तोललेला, आणि गर्डरच्या ताकदीत गाड्यांसाठी जागा मोकळी.

मग साधी सळईच ओढली तर? ही कल्पना जुनी आहे आणि पूर्वी ती फसली होती. काँक्रीट वाळताना आकसतं आणि सतत दाबाखाली वर्षानुवर्षं आखूड होत राहतं. ३० मीटरच्या गर्डरला हे सगळं मिळून २० मिमीच्या आसपास जातं. साधी सळई तिला झेपेल एवढी ओढली तर तीस मीटरला लांबते जेमतेम २२ मिमी. काँक्रीट २० मिमी आखूड झालं की सळईतला ताण संपलाच. याउलट हाय टेन्साइल स्ट्रँड त्याच लांबीत २०० मिमीच्या आसपास लांबतो. त्यातले २० गेले तरी १८० शिल्लक. फ्रान्सच्या युजीन फ्रेसिने यांनी हे ओळखून १९२८ मध्ये पेटंट घेतलं, आणि तिथून प्रीस्ट्रेसिंग खऱ्या अर्थाने चालू झालं. लोकांना वाटतं भारी तार ताकदीसाठी वापरतात. माझ्या मते तिचं लांबणंच जास्त मोलाचं.

हे लांबणं साईटवर मोजतातही. जॅकच्या गेजवर जोर दिसतो आणि पट्टीने स्ट्रँड किती बाहेर आला ते बघतात. गेज पूर्ण, पण लांबी कमी भरली, तर समजायचं की शीथिंग फुटून आत सिमेंटचा रस गेलाय आणि केबल मधेच अडकली आहे. टोकाला सगळं ठीक दिसतं, पण मधे, जिथे गरज आहे तिथे ताण पोचलेलाच नसतो. उलट लांबी जास्त भरली तर टोकाला स्ट्रँड पकडून ठेवणाऱ्या पाचरीतून, म्हणजे वेजमधून, तो घसरतोय का, एखादी तार तुटली का, हे तपासायचं. फरक साधारण पाच टक्क्यांच्या आत असला तरच पुढे जायचं. जॅक सोडताना वेज आत बसतात तेव्हा केबल पाच-सहा मिमी मागे येतेच, ते आधीच हिशोबात धरलेलं असतं.

यानंतरचं काम दिसायला किरकोळ, पण मला भीती त्याचीच जास्त. शीथिंगमध्ये सिमेंटचा पातळ रस दाबाने भरतात, ते ग्राउटिंग. आत पोकळी राहिली आणि पाणी शिरलं तर ताणलेली तार गंजते, आणि बाहेरून काही कळत नाही. गोव्यातला मांडवीवरचा पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला, तिथे केबलचा गंजच कारण ठरला होता. आपल्याकडे खारी हवा नाही, पण मे महिन्यातलं भुसावळचं ऊन आहे. त्यात ग्राउट लवकर घट्ट होतं आणि पाईप भरण्याआधीच तुंबतं. म्हणून गार पाणी किंवा बर्फ वापरून पहाटे उरकतात. पुढे कधी पुलाच्या गर्डरवर केबलच्या रेषेत आडवी भेग किंवा गंजाचा ओघळ दिसला, तर तो नुसता डाग समजू नका, पुलाच्या खात्याला कळवा.

यार्डात बघायला गेलात तर जॅकच्या मागे, केबलच्या रेषेत अजिबात उभे राहू नका. वेज सुटला तर स्ट्रँड गोळीसारखा मागे येतो. बाजूला उभं राहून बघा, पट्टीवर लांबी वाढताना तिथूनही दिसते.